सत्तेचाळीस नंबरचा बन

तिला सगळे ग्रॅमकाकू म्हणत. नाव पडलं ते उगाच नाही. मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धुलाईखान्याच्या शेजारी, एक लांबट खोली होती. तिथे रुग्णांचा स्वयंपाक होत नसे, अभ्यासाचा होई. म्हणजे कुठलातरी पदार्थ माणसांना मोजून खायला घालायचा, आधी आणि नंतर रक्त तपासायचं आणि काय फरक पडला ते कागदावर मांडायचं. या खोलीत काकू बावीस वर्षं भट्टीपुढे उभी होती. तिच्या तराजूवर माशी बसली तर ती माशीचंही वजन वजा करील, अशी तिची ख्याती. नवीन आलेल्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवत, की साहेब, अधिष्ठात्यांशी वाद घाला, पण काकूच्या तराजूशी नको.

आता मात्र ती थकली होती. गुडघे सकाळी पहिला तासभर ऐकत नसत. पिठाची गोणी ओढताना ती स्वतःशीच पुटपुटे, "हा शेवटचा. हा झाला की पुरे." हे ती गेले तीन अभ्यास म्हणत होती, ती गोष्ट वेगळी.

हा अभ्यास होता जवस, चिया आणि अक्रोडाचा. तिन्हींत वनस्पतींमधलं ओमेगा थ्री असतं, आणि त्यावर बाहेर जो गवगवा चालला होता त्याला सीमा नव्हती. जो तो चमचाभर जवस खाऊन हृदयाला हार घालून बसलेला. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी ठरवलं, एकदाचं मोजून बघू. एकशे वीस माणसं घेतली. सगळ्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं, पण अजून गोळी कुणाचीच सुरू नाही. तीस जणांना जवसाचे बन, तिसांना चियाचे, तिसांना अक्रोडाचे आणि तिसांना साधे, नुसत्या पिठाचे, वर तेवढ्याच उष्मांकाचं साधं तेल घातलेले. रोज दोन बन, बारा आठवडे. कुणाच्या वाट्याला काय येणार ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. खाणाऱ्याला माहीत नाही, रक्त काढणाऱ्या नर्सला माहीत नाही, खुद्द डॉक्टरीणबाईंनाही नाही. डब्यावर फक्त नंबर. कुठल्या नंबरला कुठला बन, ती यादी एकट्या काकूच्या कुलूपबंद खणात. बावीस वर्षांच्या इमानाची ती पावतीच होती म्हणा ना.

काम जिकिरीचं होतं. जवस रोज सकाळी ताजं दळायचं, कारण अख्खे दाणे घातले तर ते जसे आत जातात तसेच बाहेर येतात, आणि दळून ठेवलं तर खवट होतं. दळलेलं जवस पाणी पितं, कणीक हाताला चिकटते. चिया भिजली की बुळबुळीत होते. अक्रोडाने पीठ जांभळट पडतं. चारी बन दिसायला सारखे असावेत म्हणून सगळ्यांत कोको. तरी चवीत थोडा फरक उरायचाच. काकू म्हणे, "खाणाऱ्याला काय कळतंय? घरी बायको मीठ विसरली तरी न कळणारी माणसं ही."

तिच्या घरात असाच एक माणूस होता. धाकटा भाऊ. शाळेची बस चालवायचा. बायको गेल्यापासून बहिणीकडेच राहायला. एकोणपन्नास वर्षांचा, गप्पिष्ट, गोडघाशा, आणि डॉक्टर म्हटलं की पळणारा. त्यांचे वडील एक्कावन्नाव्या वर्षी जेवता जेवता पानावरच कोसळले होते. ताई तेव्हा चोवीस वर्षांची, हा पंधराचा. त्या दिवसापासून तिने याला भाऊ म्हणून कमी आणि पोर म्हणून जास्त सांभाळला. बसवाल्यांच्या वार्षिक तपासणीत त्याचं वाईट कोलेस्टेरॉल एकशे अठ्ठ्याहत्तर निघालं होतं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, वडिलांचा इतिहास बघता गोळी सुरू करा. याने कागद घडी करून बसच्या कप्प्यात ठेवला आणि विषय संपवला.

ताई रोज म्हणे, "गोळी घे."

तो म्हणे, "गोळी एकदा चिकटली की सुटत नाही. आधी खाण्यापिण्याने बघू."

"खाण्यापिण्याने बघणारा हा! चहात तीन चमचे साखर घालतोस."

"साखरेने कोलेस्टेरॉल वाढत नाही, ताई."

"हृदयविकाराचं पुस्तक लिहिलंयस का तू?"

असं हे पालथ्या घड्यावर पाणी रोज चाले.

आणि एका संध्याकाळी ती घरी आली तर जेवणाच्या टेबलावर तिच्याच स्वयंपाकघरातला डबा. वर नंबर सत्तेचाळीस. भावाने न सांगता अभ्यासात नाव घातलं होतं. फॉर्मवर विचारलं होतं, की तुमचं कुणी नातेवाईक या कामावर आहे का. त्याने ठोकून दिलं, नाही.

"तुला सांगितलं असतं तर तू घेऊ दिलं नसतंस," तो म्हणाला. "आता बघ. बारा आठवडे तुझ्या हातचं खातो. उतरलं तर गोळीची गरजच काय? नाही उतरलं तर घेईन. शब्द दिला."

खरं तर तिने दुसऱ्या दिवशी जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं होतं, की हा माझा भाऊ, याला काढा. तिला ते माहीत होतं. पण काढलं असतं तर तो बारा आठवड्यांनंतर गोळी घेईन म्हणाला होता, तेवढंही गेलं असतं. गप्प बसली. आणि सकाळी स्वयंपाकघरात पोचल्यावर सर्वांत आधी खणाचं कुलूप काढून यादीवर बोट फिरवलं. सत्तेचाळीस. साधा.

म्हणजे बारा आठवडे याने नुसतं पीठ खायचं! बापाच्या वयाला दोन वर्षं उरलेली आणि चिठ्ठीने याच्या ताटात नुसतं पीठ टाकलं. काकूला रागच आला. चिठ्ठीचा आला, भावाचा आला, स्वतःच्या कुलपाचाही आला.

त्या दिवशी तिने जवसाचे दोन बन जास्त केले. तीसच्या जागी एकतीस माणसांचं जवस दळलं. सत्तेचाळीसच्या डब्यात जवसाचे बन गेले, आणि सत्तेचाळीसचे साधे बन तिने दुपारी चहाबरोबर स्वतः खाल्ले. नोंदवहीत लिहिलं नाही. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय.

भावाने तिसऱ्या दिवशी विचारलं, "आजकाल बन जरा चिकट लागतात गं. आधी मोकळे होते."

"पीठ बदललंय," ती म्हणाली, आणि उठून भांडी घासायला गेली.

बारा आठवडे ती हेच करत राहिली. रोज सकाळी दळण, रोज दुपारी ते कोरडे बन. चोराच्या मनात चांदणं, तसं झालं होतं तिचं. डॉक्टरीणबाई सहज दारात उभ्या राहिल्या तरी हातातली सुरी थांबायची. रात्री पाय चेपत ती स्वतःला समजावी, की एकशे विसात एक माणूस. समुद्रातून तांब्याभर पाणी काढलं तर समुद्राला काय कळतंय? आणि जवसाने त्याला गुण आला तर त्यात पाप कसलं?

बारा आठवडे संपले. सगळ्यांची शेवटची रक्तं, बारा तास उपाशीपोटी, घेतली गेली. महिन्याभराने यादी उघडली आणि डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. काकू मागच्या दाराशी, चहाच्या किटलीजवळ उभी.

डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, "डोंगर पोखरला, आता उंदीर बघा. जवस खाणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल साध्या बनवाल्यांपेक्षा सरासरी नऊने कमी झालं. अक्रोडवाल्यांचं सहाने. चियावाल्यांचं जवळजवळ काहीच नाही. आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, ती कुठल्याच गटात हलली नाही."

पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "पण ओमेगा थ्रीने ती उतरते असं म्हणतात."

"माशांच्या तेलातलं, तेही औषधाइतक्या मोठ्या मात्रेत घेतलं तर उतरते. वनस्पतीतलं ओमेगा थ्री वेगळं. आपलं शरीर त्यातलं फार थोडं माशातल्यासारखं करून घेतं. जवसाने जे नऊ उतरलं ते बहुतेक त्यातल्या चोथ्यामुळे, तंतूंमुळे. नुसतं जवसाचं तेल पिऊन तेवढंही मिळत नाही. खा हो, वाईट नाही. लोण्याबिस्किटांच्या जागी अक्रोड खाल्ले तर उत्तमच. पण ज्याला गोळीची गरज आहे त्याने याला गोळी समजू नये. गोळी तिसरा हिस्सा उतरवते, कधी निम्माही. हे नऊ."

लोक चहा पिऊ लागले. कुणी हिरमुसले, कुणी म्हणाले, आम्हाला माहीतच होतं. प्रत्येकाला त्याचा कागद मिळाला. आधी किती, नंतर किती आणि बन कुठला.

भाऊ घरी आला तो शिट्टी वाजवत. कागद टेबलावर आपटला. "वाच! एकशे अठ्ठ्याहत्तर होतं, एकशे सत्तर झालं. आठ उतरलं. आणि बन कुठला? साधा! ताई, नुसत्या पिठावर माझं आठ उतरलं!"

काकूने कागद हातात घेतला. तिथे छापलेलंच होतं, गट साधा.

"आता हिशेब बघ," तो म्हणाला. "साध्याने आठ. जवसाने वर नऊ. झाले सतरा. दिवसाला दोनाऐवजी चार बन खाल्ले तर चौतीस. वर्षभर खाल्लं तर मी पोरांना बसबरोबर पळत शाळेत पोचवीन. तू रोज जवस दळत जा. गोळीबिळी काही नको."

काकूने कागद खाली ठेवला. बारा आठवडे तिने याला वाचवायचं म्हणून जे केलं, त्यानेच याच्या हातात गोळी न घेण्याचं निमित्त दिलं होतं. जवसाने उतरवायचं तेवढं उतरवून झालं होतं. त्या आठांतच जवस होतं. पुढे आणखी काही उरलं नव्हतं.

"अरे, एकाच माणसाचं रक्त दोन दिवस काढलं तरी दहा-पंधराचा फरक येतो," ती म्हणाली. "तुझे आठ म्हणजे काहीच नाही असंही असेल. डॉक्टरीणबाईंना विचार."

"कमी आलं की काहीच नाही, जास्त आलं की गोळी. बरा आहे तुमचा न्याय!"

"आणि शब्द दिला होतास तो?"

"उतरलं नाही तर घेईन, असा दिला होता. उतरलं की नाही?"

तिला थकवा आला. अंगातला नाही, त्याच्या खालचा. बावीस वर्षं पीठ मोजून जो आला नव्हता तो. तिने एकदा दाराकडे बघितलं, जणू कुणी आत येऊन तिच्याऐवजी बोलेल. मग म्हणाली, "तू साधा खाल्लाच नाहीस. पहिल्या दिवशी काय तो खाल्लास. नंतर मी तुला रोज जवसाचा देत होते. तुझ्या वाट्याचे साधे मी खाल्ले."

तो मोठ्याने हसला. "वा! ताई, वा! मला गोळी घ्यायला लावायला काय काय रचशील? तू, आणि तराजूत लबाडी करशील? तू तर माझ्या लग्नात पाहुण्यांची जिलबीसुद्धा मोजून दिली होतीस."

"खरं सांगते."

"नोंदवही दाखव. तुझ्या नोंदवहीत फुटलेल्या अंड्याचीही नोंद असते."

नोंदवहीत काही नव्हतं. तिने एक ओळ लिहिली असती तरी आज पुरावा झाला असता. भाऊ हसत हसत झोपायला गेला. त्याचा दोष नव्हता. बहिणीच्या खरेपणावर त्याचा इतका विश्वास, की ती खरं बोलत होती तेच त्याला पटेना.

दुसऱ्या दिवशी ती भट्टी न पेटवता थेट डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. खुर्चीत बस म्हटलं तरी बसली नाही. सगळं सांगितलं. भाऊ, फॉर्म, यादी, एकतीस माणसांचं जवस. सांगताना तिचा आवाज एकदाही हलला नाही, आणि याचंच तिला आतून भयंकर वाटत होतं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एकच तर माणूस," काकू म्हणाली. "आकड्यांत काय फरक पडणार?"

"आकड्यांत फारसा नाही. त्याला साध्याच गटात मोजायचा, कारण चिठ्ठीने तिथे नेमलाय, आणि खाली टीप लिहायची. ते होईल." त्या थांबल्या. "पण काकू, बाकीच्या एकशे एकोणीस जणांना तुम्ही बरोबर दिलंत, हे आता मी कशावरून सांगू?"

बावीस वर्षं या प्रश्नाला काकू स्वतःच उत्तर म्हणून पुरली होती.

"आणि एक सांगा," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "जवसाचा बन साध्यापेक्षा बरा, हे तुम्हाला तेव्हा कुठून माहीत होतं?"

"म्हणजे?"

"तेच शोधायला तर आपण बसलो होतो ना? तुम्हाला माहीत असतं तर एकशे वीस माणसांना कशाला त्रास दिला असता?"

हे मात्र काकूला लागलं. सगळं जग चमचाभर जवसाला भुललं म्हणून ती बारा आठवडे मनातल्या मनात हसत होती, आणि तीच सगळ्यांत आधी भुलली होती. तिने बावीस वर्षांचं इमान तराजूच्या एका पारड्यात टाकलं आणि दुसऱ्या पारड्यात पडले आठ. तेही खरे असतील तर.

"आता काय करायचं?" तिने विचारलं.

"मला अभ्यासांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीला कळवावं लागेल. ते लपवता येणार नाही. आणि पुढच्या अभ्यासाचं स्वयंपाकघर तुमच्याकडे नसेल." डॉक्टरीणबाईंचे डोळे भरले होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत. "मला वाईट वाटतं, काकू. तुमच्याबद्दल नाही वाटणार तर कुणाबद्दल वाटणार?"

"वाटू द्या," काकू म्हणाली. "पण समितीला लिहाल ते मलाही लिहून द्या. नावानिशी, शिक्क्यासकट. आजच द्या."

"आज? आज कशाला?"

"माझ्या भावाचा माझ्यावर फार विश्वास आहे हो. शिक्का असल्याशिवाय तो मला लबाड समजणार नाही."

पत्र संध्याकाळी मिळालं. तिने खणाची किल्ली टेबलावर ठेवली, अंगावरचा पांढरा कोट काढून खुंटीला लावला आणि गुडघे सांभाळत बसथांब्यापर्यंत चालत गेली. वाटेत औषधाच्या दुकानात थांबली.

भाऊ टेबलाशी चहा पीत होता. तिने पत्र पुढे ठेवलं आणि समोर बसली. तो मोठ्याने वाचू लागला, त्याला तशी सवय होती, बसमधल्या सूचना पोरांना वाचून दाखवाव्यात तशी. "सहभागी क्रमांक सत्तेचाळीस यांस नेमलेल्या साध्या बनऐवजी पहिला दिवस वगळता संपूर्ण काळ जवसाचे बन देण्यात आले. सदर बदल स्वयंपाकघराच्या प्रमुखांनी हेतुपुरस्सर केला व नोंदीतून वगळला. संबंधितांना..." उरलेलं त्याने मनात वाचलं. दोनदा वाचलं.

"हे खरं होतं?"

"कालच सांगितलं होतं."

"आणि तू जाऊन स्वतःच सांगितलंस? कुणी पकडलं नव्हतं?"

"पकडायला दुसरं कोण होतं तिथे?"

तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. "एवढ्यासाठी? मी आठाचे चौतीस करून गोळी टाळतोय एवढ्यासाठी तू बावीस वर्षं घालवलीस? वेडी आहेस का गं तू?"

"हो," ती म्हणाली. "बाबा गेले तेव्हा त्यांच्या पानावर मी वाढत होते. पुन्हा कुणाच्या पानावर तसं वाढायची माझ्यात ताकद नाही. दमले मी. तू घे किंवा नको घेऊ, आता मी सांगणार नाही."

औषधाच्या दुकानातली पिशवी टेबलावर होती. तिने ती त्याच्याकडे सरकवली नाही, नुसती होती. त्याने बघितलं. आकडे, सरासरी, तंतू, माशाचं तेल, हे सगळं त्याला काल सभागृहात डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं आणि त्यातलं काही त्याला पटलं नव्हतं. आता त्याने पिशवी उघडली, पाकीट फोडलं, एक गोळी तळहातावर घेतली.

"रोज घ्यायची?"

"रोज."

"जन्मभर?"

"जन्म लांबावा म्हणूनच तर."

त्याने गोळी जिभेवर ठेवली आणि पाण्याचा ग्लास रिकामा केला. मग खाली बसला, तिच्याशेजारी. म्हणाला, "उद्या सकाळी लवकर उठू नकोस."

उद्या सकाळी उठून जायला तिच्याकडे कुठलीच जागा नव्हती, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि ती रडली.